पगार घेतला, पण डीडमध्ये लिहिला कुठे?

आयकर खात्याची नोटीस येते, तेव्हा भागीदारांचा पहिला उद्गार बहुधा असा असतो: “पगार आम्ही खरोखर घेतलाय, बँकेतून घेतलाय, त्यावर कर भरलाय. मग नामंजूर कसा?” पण खात्याचा प्रश्न पगार दिला की नाही हा नसतो. तो देण्याचा अधिकार भागीदारी करारपत्रात कुठल्या कलमात आहे, एवढंच त्याला पाहायचं असतं.

याचं मूळ 1932 च्या भागीदारी कायद्यात आहे. धंदा सांभाळल्याबद्दल भागीदाराला आपोआप पगार मिळत नाही, करारात ठरलं तरच मिळतो. भांडवलावरच्या व्याजाचंही तसंच. 1961 च्या आयकर कायद्याचं कलम 40(ब) हाच धागा पुढे नेतं: काम करणाऱ्या भागीदाराचा पगार आणि कोणत्याही भागीदाराचं व्याज डीडने मंजूर केलेलं हवं, डीडप्रमाणेच दिलेलं हवं आणि डीडच्या तारखेनंतरच्या काळाचं हवं. व्याजाला वर्षाला साध्या 12 टक्क्यांची मर्यादा आहे.

समजा, दोन भावांची हार्डवेअरची फर्म आहे. आर्थिक वर्ष 2024-25 मध्ये व्याज आणि पगार वजा करण्यापूर्वीचा नफा 14 लाख 40 हजार. भांडवल 20 लाख, त्यावर 12 टक्क्यांनी व्याज 2 लाख 40 हजार. उरले 12 लाख. पगाराची मर्यादा काढताना यालाच ‘बुक प्रॉफिट’ म्हणतात. त्या वर्षापासून पहिल्या 6 लाखांवर 90 टक्के (किंवा 3 लाख, यांत जास्त असेल ते) आणि उरलेल्यावर 60 टक्के पगार चालतो. म्हणजे 5 लाख 40 हजार अधिक 3 लाख 60 हजार, एकूण 9 लाख. फर्मला 3 लाखांवर कर भरायचा. सेससह 31.2 टक्क्यांनी तो 93,600 रुपये होतो. व्याज आणि पगार दोन्ही उडाले तर तोच कर 4,49,280 रुपयांवर जातो, वर व्याज आणि दंडाची टांगती तलवार.

आता डीड उघडू. कलम असं असतं: “काम करणाऱ्या भागीदारांना परस्पर संमतीने वेळोवेळी ठरेल तो पगार, आयकर कायद्याच्या मर्यादेत देण्यात येईल.” टायपिस्टकडच्या जुन्या मसुद्यातून हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलंय. दोष त्याच्या ‘वेळोवेळी ठरेल’मध्ये आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या 1996 च्या परिपत्रक क्रमांक 739 नुसार प्रत्येक भागीदाराची रक्कम किंवा ती काढण्याची पद्धत डीडमध्येच असायला हवी. 2011 मध्ये सूद ब्रिज प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने अशा मोघम कलमावर पगार नाकारला. त्याआधी हिमाचल उच्च न्यायालयाने अनिल हार्डवेअर प्रकरणात मात्र, कायद्याच्या सूत्राचा आधार घेऊन रक्कम काढता येत असेल तर तेवढं पुरे, असं म्हटलं होतं. म्हणून स्वतःचं कलम कोणत्या बाजूला पडतं, हे आधी ओळखा. ‘कलम 40(ब) प्रमाणे कमाल पगार, दोघांत निम्मा-निम्मा’ असं असेल तर बाजू भक्कम आहे, कारण कोणाला किती हे गणिताने निघतं.

आणखी एक चकवा आहे. काही डीडमध्ये जुन्या मर्यादेचे आकडेच टंकलेले असतात: पहिल्या 3 लाखांवर 90 टक्के, पुढे 60 टक्के. कायद्याची मर्यादा वाढली, डीडची नाही. वरच्या उदाहरणात मग 2 लाख 70 हजार अधिक 5 लाख 40 हजार, म्हणजे 8 लाख 10 हजारच डीडप्रमाणे ठरतात. कायदा 9 लाख देत असूनही वरचे 90 हजार जातात.

उत्तर लिहिताना व्याज आणि पगार वेगळे ठेवा. नोटीस त्यांची एकच मोट बांधते, पण ‘भांडवलावर वार्षिक 12 टक्के व्याज’ इतकं स्पष्ट कलम असेल तर पगाराचं कलम ढिलं आहे म्हणून व्याज नाकारता येत नाही. नफावाटपाचं प्रमाण किंवा पुरवणी डीड यातून पगाराची विभागणी ठरत असेल, तर ते कलम उद्धृत करा. मागच्या तारखेचा स्टॅम्पपेपर शोधण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. दुरुस्त डीड तिच्या तारखेपासूनच उपयोगी पडते, आणि खोट्या कागदाने उरलीसुरली बाजूही जाते.

तरीही रक्कम नामंजूर झालीच, तर ऑर्डर मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं. आणि एक गोष्ट विसरू नका: फर्मकडे जेवढा पगार नामंजूर, तेवढा भागीदाराच्या उत्पन्नात धरायचा नाही, हे कलम 28(5) च्या परंतुकात आहे. भागीदाराची असेसमेंट पूर्ण झाली असली, तरी कलम 155(1अ) खाली ती दुरुस्त करून घेता येते. त्यासाठीची 4 वर्षं फर्मची अंतिम ऑर्डर ज्या आर्थिक वर्षात झाली, त्याच्या अखेरीपासून मोजतात. हा अर्ज प्रत्येक भागीदाराने स्वतःच्या नावाने करावा.