हेतू न सांगता आलेले पत्र

परदेशात वाढलेली नात आजोबांच्या पेटीतल्या पत्राचा फोटो पाठवते. सोबत एकच ओळ असते: ‘याचं इंग्रजी करून द्याल का?’ पत्र कशासाठी हवे आहे, हे त्यात नसते. तिला ते नुसते वाचायचे असेल, वंशावळ जुळवायची असेल किंवा एखाद्या कचेरीत दाखल करायचे असेल. या तिन्ही कामांना लागणारे इंग्रजी सारखे नसते. पत्रात जमिनीचा उल्लेख दिसला म्हणून हे कोर्टाचे काम असणार, असे अनुवादकाने मनाशी ठरवणे मात्र धोक्याचे. एकदा तसे ठरले की धूसर अक्षरेही त्याच अर्थाची दिसू लागतात.

म्हणून हेतू विचारावा आणि उत्तर येईपर्यंत पत्राची मराठी नक्कल करायला घ्यावी. मुळातल्या ओळी जिथे तुटतात तिथेच तोडाव्यात आणि जुने शुद्धलेखन तसेच ठेवावे. ‘नांव’, ‘कांहीं’ यांवरचे अनुस्वार पुसू नयेत. १९६२ च्या नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार गेले, त्यामुळे ते पत्राच्या काळाचा अंदाज द्यायलाही मदत करतात. नक्कल सुरू करण्याआधी पूर्ण पत्र हाती आहे का, हे पाहावे. जागा संपली की लोक समासात आडवे लिहीत आणि आंतर्देशीय पत्रात दुमडायच्या पट्टीवरही दोन ओळी घालत. फोटोत नेमके तेच सुटते.

समजा, पत्राच्या माथ्यावर ‘माघ शु. ५ शके १८७४’ असे आहे. शकात ७८ मिळवले की १९५२ येते, पण इसवी सन बदलल्यानंतरच्या महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात. त्या वर्षीचा माघ जानेवारीत लागला होता, म्हणून हे पत्र १९५३ चे. इंग्रजीत आधी मूळ तिथी लिहावी आणि इसवी सनाची तारीख टिपेत द्यावी, कारण तारीख हा आपला हिशोब आहे, पत्रलेखकाचे शब्द नव्हेत.

पुढची ओळ अशी: ‘तात्यांकडून रु. ३५॥ पोंचले. बाकी …णीचे वेळीं पाहूं.’

आकड्यानंतरचे दोन दंड म्हणजे अर्धा रुपया. एक दंड असता तर पाव आणि तीन असते तर पाऊण. ही पद्धत ठाऊक नसलेला माणूस सरळ ३५११ वाचतो. खात्री करायची तर त्याच पत्रात लेखकाने इतरत्र १ कसा काढला आहे, ते पाहावे. त्याच्या डोक्याला गाठ असते, दंड मात्र सरळ उतरतो. इंग्रजीत साडेपस्तीस रुपये लिहावे आणि अर्धा म्हणजे आठ आणे, हे टिपेत सांगावे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, तेव्हा इथे पैसे घालू नयेत.

खरी अडचण घडीवरच्या शब्दाची. कागद झिजून पहिली अक्षरे गेली आहेत आणि उरले आहे ‘णीचे’. वाटणी, पेरणी की लावणी? घरी वाचणाऱ्या नातीला फार फरक पडणार नाही. पण जमिनीचा वाद असेल, तर १९५३ पर्यंत वाटणी झाली नव्हती, असे या एका शब्दावरून कुणीही म्हणू शकेल. तिथे कागदाकडेच परत जावे लागते. दिवा एका बाजूने तिरका धरून, कॅमेरा कागदाच्या बरोबर वर ठेवून नवा फोटो मागवावा. शाई उडाली तरी टाकाने पडलेला चर तिरक्या उजेडात पुष्कळदा दिसतो. शिरोरेषेच्या वर मात्रेचा तुकडा उरला असेल तर पेरणीकडे कल जातो, कारण वाटणी आणि लावणीत ‘णी’च्या आधी रेषेवर काहीच नाही. तरीही शंका राहिली, तर इंग्रजीत तिथे चौकटी कंस घालून ‘घडीमुळे शब्द वाचता येत नाही, शेवट -णी’ एवढेच नोंदवावे. शक्य वाचने टिपेत द्यावीत, वाक्यात नकोत.

माझ्या मते हेतू माहीत नसताना सारांश कधीच करू नये. पूर्ण अनुवादातून सारांश केव्हाही काढता येतो, उलटे होत नाही. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला तर परभाषेतल्या कागदाचा संपूर्ण अनुवाद लागतो. तो पूर्ण व अचूक असल्याचे आणि आपल्याला दोन्ही भाषा येत असल्याचे अनुवादकाने प्रमाणित करावे लागते. ‘गं. भा.’ किंवा ‘सौ.’सारखी बिरुदेही म्हणूनच गाळू नयेत. बाई त्या दिवशी विधवा होती की सधवा, हे पत्रात कदाचित तेवढ्यावरूनच कळते.

नात म्हणाली, ‘घरच्यांनाच वाचायचं आहे,’ तर टिपा वाक्यांत मिसळून इंग्रजी मोकळे करावे. कचेरीचे काम निघाले तर पहिलाच मसुदा कंसांसह जातो. दोन्ही वेळी मराठी नक्कल सोबत द्यावी, म्हणजे दुसऱ्या कुणा मराठी वाचकाला ती फोटोशी ओळीने ताडून पाहता येते.