वरिष्ठांसाठी दोन पानांची टिप्पणी : फरदडीचे उदाहरण

नोव्हेंबर सरत आला की कपाशीच्या पट्ट्यात फरदडीचा प्रश्न उभा राहतो. पाण्याची सोय असलेले शेतकरी पीक पुढे राखतात आणि उशिराच्या बोंडांवर गुलाबी बोंडअळीला खाद्य मिळत राहते. समजा, फरदड रोखण्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यास जिल्हाधिकाऱ्यांचा निर्णय हवा आहे. त्याने टिप्पणी कशी लिहावी?

आरंभ मागणीने करावा : “कपाशीचे पीक डिसेंबरअखेर शेतातून काढण्याच्या सामूहिक मोहिमेस मान्यता मिळावी, आदेश १० डिसेंबरपूर्वी निघावेत.” तारखेचे कारणही तेथेच द्यावे. गावबैठका आणि यंत्रांची जुळवाजुळव यांसाठी सुमारे तीन आठवडे लागतात.

त्यानंतर समस्या मांडावी. अळीचे संपूर्ण जीवनचक्र येथे नको. निर्णय ज्यांवर अवलंबून आहे ती दोनच तथ्ये पुरेत. अळी बोंडाच्या आत राहत असल्याने फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि उरलेल्या बोंडांत व सरकीत ती सुप्तावस्थेत पुढील हंगामापर्यंत टिकते. “काही गावांत प्रादुर्भाव वाढला” या वाक्यावर निर्णय होत नाही. किती गावांत कामगंध सापळ्यांत सलग तीन रात्री प्रत्येकी आठ किंवा अधिक पतंग सापडले, शंभर हिरव्या बोंडांपैकी किती किडलेली निघाली आणि ही पाहणी कोणत्या तारखेची, हे लिहावे.

सर्वाधिक चुका पर्यायांत होतात. आपल्याला हवा तो पर्याय भक्कम आणि उरलेले नावापुरते लिहिले जातात. प्रत्येक पर्यायाला तेच तीन प्रश्न विचारावेत : खर्च कोणाचा, परिणाम किती आणि काय बिघडू शकते. केवळ आवाहन करणे स्वस्त आहे. परंतु पतंग बांध ओलांडतात, म्हणून एकाने राखलेली फरदड शेजाऱ्याचे श्रम वाया घालवते. अनुदानावर कीटकनाशक देणे शेतकऱ्यास रुचेल, पण बोंडात शिरलेल्या अळीवर त्याचा उपयोग नाही. पीक वेळेवर काढल्यास किडीची साखळी तुटते; मात्र शेतकऱ्याचे शेवटच्या वेचणीचे उत्पन्न बुडते आणि पऱ्हाट्या काढण्याचा खर्च त्याच्यावर पडतो.

हे नुकसान टिप्पणीत स्पष्ट लिहावे. ते वगळले, तर जिल्हाधिकाऱ्यांना ते प्रथम गावच्या सभेत ऐकावे लागेल आणि पुढील टिप्पणीवर त्यांचा विश्वास राहणार नाही.

शिफारस तिसऱ्या पर्यायाची करावी, पण त्याच्या उणिवेवरील उपायासह : अवजारे बँकेतील पऱ्हाटी कुट्टी यंत्रे प्राधान्याने द्यावीत, जिनिंगच्या आवारात सापळे लावावेत आणि ओलिताखालील शेतकऱ्यांना उन्हाळी भुईमूग किंवा तीळ सुचवावा. उपलब्ध यंत्रे सर्व गावांना पुरणार नसतील, तर प्रादुर्भाव अधिक असलेली गावे प्रथम घ्यावीत. जबाबदार अधिकारी आणि आढाव्याची तारीख शेवटच्या ओळीत यावी. गावनिहाय तक्ते परिशिष्टात जोडावेत.

पाठवण्यापूर्वी एक कसोटी लावावी : केवळ पहिला परिच्छेद वाचून कशास मान्यता द्यायची आणि केव्हापर्यंत, हे वाचणाऱ्यास सांगता आले पाहिजे. ते जमत नसेल, तर टिप्पणी पुन्हा लिहावी.