कुडपण, कुडपण आणि एक पालथा घडा

कुडपण हा शब्द कागदावर दोनदा लिहा, एकदा टपोऱ्या अक्षरांत आणि एकदा मुंगीएवढ्या. झालं कोडं तयार! उत्तर पोलादपूर तालुक्यातल्या कुणालाही चटकन यावं : कुडपण बुद्रुक आणि कुडपण खुर्द. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. फारसीतून आलेली ही जोडी महाराष्ट्रातल्या शेकडो गावांच्या नावांना चिकटली आहे. त्यामुळे अक्षराच्या आकारात अर्थ लपवायचा असेल, तर मराठी माणसाला यापेक्षा सोपा धडा नाही. पुण्याचे लोक हाच खेळ वडगाववर खेळू शकतात.

आता तेच नाव चित्रांत बसवू. ‘कुड’साठी कारवीच्या काठ्यांची, मातीनं लिंपलेली भिंत काढायची, म्हणजे कूड. ऱ्हस्व-दीर्घाची इथे माफी असते, कारण हे कोडं कानानं सुटतं, शुद्धलेखनानं नाही. ‘पण’चं मात्र चित्र काय काढणार? त्यासाठी कोडेकार पणती काढतो आणि शेजारी ‘ती’ लिहून त्यावर काट मारतो. पणतीतून ती गेली, उरलं पण. शेजारची गावं तर आयतीच आहेत. पोलादाची कांब आणि नदीचा पूर काढला की पोलादपूर. ‘म’ लिहून पुढे हाड काढलं की महाड. (गावांची नावं अशी पडली, असं मात्र कुणाला सांगत सुटू नका. कोड्याला आवाजाशी मतलब, इतिहासाशी नाही.)

ही युक्ती भलतीच जुनी आहे. सुमारे 5,000 वर्षांपूर्वीच्या इजिप्तमध्ये नार्मेर राजाचं नाव एका पाटीवर कोरताना एक मासा आणि त्याच्याखाली एक छिन्नी काढली. त्या माशाचा उच्चार ‘नार’, छिन्नीचा ‘मेर’. राजाचा मासेमारीशी किंवा सुतारकामाशी काही संबंध नव्हता. ती पाटी आज कैरोच्या संग्रहालयात आहे.

चित्रं काढता येत नसतील तर नुसते शब्द मांडूनही कोडं होतं, आणि त्यासाठी आपल्या म्हणींसारखा माल नाही. हे बघा :

दिवा
अंधार

एकाखाली एक. दिव्याखाली अंधार! इथे मराठीची एक खोच आहे. कागदावर ‘दिवा’ असतो, उत्तरात ‘दिव्या’ होतो. ‘खाली’ हा शब्द कागदावर नाहीच, तो जागेत आहे. आणि हेच कोडं वरून न वाचता खालून वाचलं तर ‘अंधारावर दिवा’ होतं. व्याकरण बरोबर, पण अशी म्हण कुणी ऐकली आहे? ओळखीची म्हण निघाली नाही, तर वाचायची दिशा बदलून बघायची.

‘नाक’ इवलंसं आणि ‘मोती’ ठसठशीत लिहिला, तर नाकापेक्षा मोती जड. ‘थेंब थेंब’ लिहून पुढे बाण आणि मग ‘तळं’, हे सांगायलाच नको. ‘घडा’ उलटा लिहून त्याच्या डोक्यावर ‘पाणी’ ठेवलं की पालथ्या घड्यावर पाणी. यात अक्षरांचं उलटेपण आणि पाण्याची जागा या दोन्ही खुणा वापराव्या लागतात. एक जरी खूण वापरायची राहिली, तर उत्तर चुकलं असं समजावं. ‘घड्यावर पाणी’ म्हणून थांबणारे बरेच असतात.

थोडं अवघड हवंय? ‘काख’ शब्द मधोमध फोडा आणि त्याच्या पोटात ‘कळसा’ घाला : का कळसा ख. त्याच्या खाली ‘गाव’ लिहा आणि ‘वळसा’ची तीन अक्षरं त्याच्याभोवती मांडा : डोक्यावर व, उजवीकडे ळ, पायाशी सा. सोडवणारा आधी ‘काकळसाख’ वाचून वैतागतो. मग त्याला कळसा सापडतो, कडेची दोन अक्षरं जुळतात आणि काखेत कळसा मिळतो. गावाला वळसा पडायला मग वेळ लागत नाही. शब्द फोडताना मात्र सांभाळायचं. ‘काख’ छान दुभंगते, ‘हत्ती’ मात्र ‘ह’नंतरच फोडावा लागतो, कारण त्याचं जोडाक्षर चिरता येत नाही.

आता एक तुमच्यासाठी. कडेचे शब्द ऐसपैस लिहा, मधला अगदी बारीक, बरगड्या दिसतील असा :

घर पाहुणा घर

घरं मोजा आणि पाहुण्याच्या पोटाकडे बघा.