कांद्याच्या पेशीला मीठ लागतं तेव्हा

मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिमट्याने बसवायची मॅक्रो लेन्स आता काहीशे रुपयांत मिळते. डबीवर ठळक अक्षरांत ‘१५ पट’ लिहिलेलं असतं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी व्हिडिओ करायचा म्हणून मुलं ती मागवतात, कांद्याच्या पापुद्र्यावर धरतात आणि पेशी शोधत बसतात. पेशी काही दिसत नाहीत. लेन्स बिघडलेली नसते, तिच्याकडून भलतीच अपेक्षा असते.

हे ‘१५ पट’ येतं कुठून? डोळ्यापासून २५ सेंटीमीटरवर धरलेली वस्तू आपल्याला आरामात दिसते. या २५ सेंटीमीटरला भिंगाच्या नाभीय अंतराने भागलं की तो आकडा मिळतो. म्हणजे १५ पटीच्या भिंगाचं नाभीय अंतर साधारण १७ मिलिमीटर, आणि वस्तूही जवळपास तेवढ्याच अंतरावर धरावी लागते. असं भिंग नेहमीच्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्यावर लावलं की चित्राच्या रुंदीत साधारण २ सेंटीमीटरचा तुकडा मावतो. कांद्याची पेशी लांबीला पाव ते तृतीयांश मिलिमीटर, म्हणजे तेवढ्या रुंदीत साठ-सत्तर पेशी एकीपुढे एक बसतील. प्रत्येकीच्या वाट्याला व्हिडिओतले जेमतेम तीसेक ठिपके येतात. पापुद्र्यावर बारीक विणीसारखं काहीतरी आहे एवढंच त्यातून कळतं. मुंगीचे जबडे, जास्वंदीचे परागकोश, पावावरची बुरशी यांसाठी ही लेन्स झकास आहे. पेशीसाठी सूक्ष्मदर्शकच हवा.

शाळकरी व्हिडिओंत बहुतेकदा मोठ्या करून दाखवलेल्या वस्तूंची नुसती रांग असते. माशीचा डोळा, मग साखरेचा दाणा, मग कापडाचा धागा. बघायला बरं वाटतं, पण त्यात घडत काहीच नाही, आणि काही घडायचं नसेल तर व्हिडिओ कशाला, फोटो पुरे. म्हणून कॅमेऱ्यापुढे दोन-चार मिनिटांत डोळ्यांदेखत घडणारी एखादी गोष्ट निवडावी. जांभळ्या कांद्याच्या पेशीला मिठाचं पाणी लागतं तेव्हा काय होतं, हा त्यासाठी फार सोयीचा प्रयोग. परासरण पुस्तकात वाचलेलं असतंच, इथे ते चालू असताना दिसतं.

सुरुवात पापुद्र्यापासून. वर्गात आपण सहसा कांद्याच्या पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पारदर्शक पापुद्रा काढतो आणि त्यावर आयोडिनचा थेंब टाकतो. इथे ते दोन्ही करायचं नाही. आतला पापुद्रा रंगहीन असतो, आणि आयोडिनने पेशी मरतात. केंद्रक छान उठून दिसतं, पण मेलेल्या पेशीचं पटल मिठाला अडवू शकत नाही, त्यामुळे पुढचं काही घडतच नाही. प्रयोग ‘होत नाही’ अशी तक्रार आली, तर आधी आयोडिन टाकलं होतं का ते विचारावं. आपल्याला हवा आहे पाकळीच्या बाहेरच्या, फुगीर बाजूचा जांभळा पापुद्रा. त्याचा रंग पेशीच्या आतल्या रिक्तिकेत विरघळलेला असतो, म्हणून वेगळं काही रंगवावं लागत नाही. हा पापुद्रा जरा चिवट असतो. ब्लेडने अर्ध्या सेंटीमीटरचा चौकोन हलकाच आखून घ्यावा, एक कोपरा चिमट्यात धरावा आणि पृष्ठभागाला जवळपास समांतर ओढावा. खाली पांढरा गर चिकटून आला, तर तो तुकडा टाकून दुसरा घ्यावा, कारण जाड तुकड्यात पेशींचे थर एकावर एक दिसतात. ब्लेडचं काम मोठ्या माणसाने करावं.

चिमट्याच्या लेन्सचं खरं काम इथे आहे. आधी नुसत्या फोनने कापलेला कांदा दाखवायचा आणि मग एकदम पेशी, अशी उडी मारली तर बघणाऱ्याला आपण कुठे आलो ते समजत नाही. मधली पायरी म्हणून स्लाईडवर ठेवलेला जांभळा पापुद्रा मॅक्रो लेन्समधून घ्यावा. फोन हातात धरून हे जमत नाही. एवढ्या जवळून अर्धा-एक मिलिमीटर हललं तरी चित्र पुसट होतं. पुस्तकांचे दोन गठ्ठे करून त्यांच्यावर फोन आडवा ठेवायचा, कॅमेरा मधल्या फटीवर. स्लाईड खाली ठेवायची आणि तिच्याखाली पत्त्यांच्या कॅटमधलं एकेक पान सरकवत उंची वाढवायची. एका पानाची जाडी मिलिमीटरचा लहानसा अंश असते, त्यामुळे फोकस हळूहळू आणि अचूक येतो.

फोनला दोन-तीन कॅमेरे असतील तर लेन्स नेमकी कोणावर लावायची? एकेक कॅमेरा बोटाने झाकून बघावा, ज्याने पडदा काळा होईल तो चालू. बरेच फोन वस्तू जवळ आली की परस्पर रुंद कोनाच्या कॅमेऱ्यावर उडी मारतात. मग लेन्स एकावर आणि चित्र दुसऱ्याचं, असा घोळ होतो. सेटिंगमध्ये आपोआप मॅक्रो होणं बंद करावं. फोन इतका जवळ आला की त्याचीच सावली पडते, म्हणून प्रकाश खालून द्यावा. दुसऱ्या फोनचा कोरा पांढरा पडदा त्यासाठी पुरतो. मात्र स्लाईड थेट पडद्यावर ठेवली तर पडद्याचे लाल-हिरवे-निळे ठिपकेच चित्रात येतात. मध्ये दोन खोडरबर ठेवून तिला उचलावं.

आता सूक्ष्मदर्शक. १० पटीची नेत्रिका आणि १० पटीचं वस्तुभिंग एवढंच वापरावं. मुलांचा हात लगेच ४० च्या वस्तुभिंगाकडे जातो, पण ते काचेला जवळजवळ टेकतं, आणि बाजूने सोडलेलं मिठाचं पाणी त्याला लागलं तर भिंग खराब होतं. शिवाय १० च्या भिंगाखाली दिसणारं वर्तुळ पावणेदोन-दोन मिलिमीटरचं असतं. त्यात लांबीच्या दिशेने पाच-सहा पेशी मावतात, आणि आपल्याला त्या शेजारीपाजारी दिसायलाच हव्यात.

फोन नेत्रिकेवर नेमका किती उंचीवर धरायचा, यावर बहुतेकांचा धीर सुटतो. कधी काळोखात चिमुकलं वर्तुळ दिसतं, कधी अर्धचंद्र. यावर साधा उपाय आहे. दिवा लावून नेत्रिकेवर पांढऱ्या कागदाचा कपटा धरावा आणि वर-खाली करावा. एका उंचीवर प्रकाशाचा ठिपका सर्वांत लहान आणि रेखीव होतो, साधारण मिलिमीटरभर व्यासाचा. नेत्रिकेतून बाहेर येणारा सगळा प्रकाश तिथे एकवटतो. फोनच्या कॅमेऱ्याचं तोंड तिथेच आलं पाहिजे. अडॅप्टर असेल तर तो त्या उंचीवर कसावा. नसेल तर नेत्रिकेभोवती जाड कागदाची नळी गुंडाळून तेवढीच उंची करता येते. मग काळी कड बाहेर जाईल इतपत झूम करावं, त्याहून जास्त नाही.

स्टॅनफर्डचे मनू प्रकाश आणि त्यांचे सहकारी यांचा कागदी फोल्डस्कोपही कुठेकुठे शाळांत असतो. तो साधारण १४० पट दाखवतो, फोन त्याला चुंबकाने चिकटतो, आणि पेशी त्यातून व्यवस्थित दिसतात. पण स्लाईड कागदाच्या घडीत अडकलेली असल्यामुळे चित्रण चालू असताना द्रावण बदलणं अवघड जातं. आपल्याला नेमकं तेच करायचं आहे.

सुरू करण्याआधी फोनचा शहाणपणा बंद करावा लागतो. पडद्यावर बोट दाबून धरलं की आयफोनवर `AE/AF LOCK` अशी पट्टी येते, इतर फोनांत कुलपाची खूण. हे केलं नाही तर चित्र गडद होऊ लागताच फोन आपणहून उजेड वाढवतो, आणि जो बदल दाखवायचा तोच पुसून टाकतो. प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्सही पक्का करावा. यापुढे फोकस करायचा तो सूक्ष्मदर्शकाच्या बारीक स्क्रूने. चित्रात आडवे पट्टे वाहत असतील तर तो दिव्याचा दोष. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिच्यावरचे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे जातात. आरशाचा सूक्ष्मदर्शक असेल तर खिडकीतल्या आभाळाचा उजेड घ्यावा, सूर्याचा थेट प्रकाश कधीही नाही.

पापुद्रा साध्या पाण्याच्या थेंबात ठेवून कव्हरस्लिप लावायची आणि आधी अर्धा मिनिट तसंच चित्रण करायचं. तुलनेसाठी ते लागतं. १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर मीठ विरघळवून ठेवलेलं असावं. कव्हरस्लिपच्या एका कडेला त्याचा थेंब सोडायचा आणि समोरच्या कडेला टिपकागदाचा तुकडा टेकवायचा. कागद पाणी ओढून घेतो आणि मिठाचं पाणी पापुद्र्याखालून सरकतं. कॅमेरा चालूच ठेवायचा, स्टेजला धक्का लावायचा नाही. मिनिट-दोन मिनिटांत मिठाच्या बाजूच्या पेशींत आधी कोपऱ्यांना फट दिसते, मग जांभळा भाग गोळा होत मध्ये सरकतो आणि त्याचा रंग दाट होतो. रंगद्रव्य तेवढंच, पाणी कमी झालेलं.

इथे निवेदनात ‘पेशी आकसली’ म्हटलं जातं, ते अर्धवट आहे. पडद्यावर नीट पाहा, पेशीभित्तिकांची जाळी जवळपास जागच्या जागी आहे. आकसलं ते भित्तिकेच्या आतलं, पटलाने वेढलेलं जीवद्रव्य. आणि मधली फट रिकामी नाही, तिथे मिठाचं पाणी आहे, कारण भित्तिका मिठाला आत येऊ देते आणि पटल अडवतं. ज्या पेशीत रंग फिकट पडून सगळीकडे पसरला, तिचं पटल फाटलेलं असतं. तीही चित्रात राहू द्यावी.

व्हिडिओवर ‘१०० पट मोठं’ असं लिहू नये. तेच चित्र फोनवर वेगळं आणि प्रोजेक्टरवर वेगळं मोठं दिसतं. त्याऐवजी फोन, झूम काही न हलवता स्लाईडच्या जागी पारदर्शक प्लॅस्टिकची मोजपट्टी ठेवून तिचं चित्रण घ्यावं. तिच्या रेघा इथे चांगल्याच जाड दिसतात, म्हणून एका रेघेच्या डाव्या कडेपासून पुढच्या रेघेच्या डाव्या कडेपर्यंत मोजावं. समजा १ मिलिमीटरमध्ये १,२०० ठिपके आले, तर ३६० ठिपके लांबीची पेशी ०.३ मिलिमीटरची. कोपऱ्यात १२० ठिपक्यांची आडवी रेघ काढून तिच्यावर ‘०.१ मिमी’ लिहिलं की पडदा केवढाही असो, माप खरंच राहतं. चित्रण वेगाने दाखवलं असेल तर किती पट, तेही तिथेच लिहावं.

शेवटी त्याच पद्धतीने साधं पाणी सोडावं. मात्र मिठात ठेवून चार-पाच मिनिटांहून जास्त वेळ घालवू नये. जांभळा गोळा फुगत पुन्हा भित्तिकेला जाऊन टेकतो. काही पेशी परतताना फुटतात, विशेषतः पाणी भसकन सोडलं तर. हे पाणी दोन-तीन हप्त्यांत, थेंब थेंब द्यावं आणि काम संपताच स्टेज ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडा करावा. मिठाने त्याचा धातू गंजतो.