हप्ता कमी, पण विमा कितीचा?

चिपळूणच्या बाजारपेठेत कापडाचं एक दुकान आहे असं धरू. 22 जुलै 2021 चा पूर पाहिलेल्या व्यापाऱ्याला विमा का घ्यावा, हे सांगावं लागत नाही. त्याच्यापुढे पेच असतो तो दोन कोटेशनांचा. एकाचा हप्ता कमी, दुसऱ्याचा जास्त.

एका जागेवरची मालमत्ता 5 कोटींपर्यंत असेल, तर 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही ठरावीक पॉलिसी मिळते. तिचा मूळ मजकूर कंपनीगणिक बदलत नाही. त्यामुळे रंगीत माहितीपत्रकं शेजारी ठेवून फारसं काही हाती लागत नाही. फरक असतो तो शेड्यूलमध्ये, म्हणजे पत्ता, मालमत्तेचं वर्णन, विम्याची रक्कम आणि जोडलेली कलमं असलेल्या पानांवर.

स्वस्त कोटेशनात मालाचा विमा 30 लाखांचा आहे. दुकानात खरेदीच्या भावाने माल आहे 40 लाखांचा. पुरात 12 लाखांचा माल भिजला, तर 12 लाख 30 लाखांच्या आतच आहेत, असं कुणालाही वाटेल. पण विमा मालाच्या तीन चतुर्थांशच उतरवलेला, म्हणून भरपाईही तेवढीच: 9 लाख. त्यातूनही स्वतः सोसायची ठरावीक रक्कम वजा होते. या पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. तेव्हा 34 लाखांचा विमा असता, तर ही कपात झालीच नसती. बँकेने फक्त कर्जाच्या रकमेइतका विमा उतरवून घेतला, की नेमकी ही तूट राहते. मागच्या गल्लीतल्या गोदामाचा पत्ता शेड्यूलमध्ये नसेल, तर तिथला माल हिशेबातच येत नाही.

मग अपवाद. ते वाचताना वाक्य अर्ध्यात सोडू नये. शॉर्ट सर्किटने एखादं यंत्र जळालं, तर त्या यंत्राची भरपाई नाही. मात्र तिथून आग पसरून कापड जळालं, तर त्याची मिळते. चोरीचंही असंच आहे. पुराने शटर तुटलं आणि सात दिवसांत माल चोरीला गेला, तर दावा चालतो. एरवी कुणी कुलूप फोडलं, तर त्यासाठी घरफोडीचा विमा वेगळा हवा. दुकान बंद राहून बुडालेला नफाही या पॉलिसीत धरलेला नाही. तो हवा असेल तर कोटेशन देणाऱ्याला तसं विचारून लिहून घ्यावं लागतं.

दाव्याचं कलम शेवटच्या पानांवर असतं. नुकसान झाल्यावर कंपनीला लगेच कळवायचं आणि सर्व्हेयर येईपर्यंत भिजलेले तागे फेकून द्यायचे नाहीत. चिखल काढणं भागच असेल, तर आधी फोटो काढावेत. सर्व्हेयर खरेदीची बिलं, स्टॉकचं रजिस्टर आणि जीएसटी विवरणपत्रं ताडून पाहतो. दुकानासोबत हे कागदही वाहून जाऊ शकतात, म्हणून त्यांची प्रत घरी किंवा सीएकडे असलेली बरी.