अंगात रक्त किती?

ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञाला एक आकडा हाताशी लागतो: या माणसाच्या अंगात एकूण रक्त किती? ते थेट मोजता येते, पण खटाटोप मोठा. म्हणून अंदाजावर काम चालते. साधा हिशेब असा, की बाईच्या वजनाच्या दर किलोमागे ६५ मिलिलिटर रक्त धरायचे, पुरुषाच्या थोडे जास्त. बेताच्या बांध्याला हा हिशेब चालतो, स्थूल माणसाला मात्र फसवतो. चरबीत रक्तवाहिन्या कमी असतात. त्यामुळे वजन वाढले तरी रक्त त्या प्रमाणात वाढत नाही.

नॅडलर आणि सहकाऱ्यांनी १९६२ साली मांडलेले सूत्र म्हणूनच उंचीही विचारात घेते. स्त्रियांसाठी ते असे:

रक्त (लिटर) = ०.३५६१ × उंची × उंची × उंची + ०.०३३०८ × वजन + ०.१८३३

उंची मीटरमध्ये, वजन किलोत. पुरुषांसाठीचे आकडे वेगळे आहेत.

समजा, दीड मीटर उंचीच्या, ८० किलो वजनाच्या बाईचे ऑपरेशन आहे. उंचीच्या वाट्याचे १.२० लिटर, वजनाच्या वाट्याचे २.६५ आणि शेवटचे ०.१८ मिळून ४.०३ लिटर होतात. किलोच्या हिशेबाने हेच रक्त ५.२ लिटर भरते. म्हणजे सव्वा लिटरच्या आसपास रक्त फक्त कागदावर आहे.

आता तिचे हिमोग्लोबिन ११ आहे आणि ते ८ च्या खाली जाऊ द्यायचे नाही. एका सोप्या रीतीने एकूण रक्ताला ३ ने गुणून ११ ने भागले, की किती रक्तस्राव चालेल ते कळते. ४.०३ लिटर धरले तर १.१ लिटर, ५.२ धरले तर १.४ लिटर. चुकीच्या अंदाजावर विसंबले तर रक्त चढवायला उशीर होईल.

शरीरातल्या पाण्याचेही असेच. निम्मे वजन पाणी धरले तर या बाईत ४० लिटर. वॉटसन यांच्या १९८० च्या सूत्राने ३४ लिटरही भरत नाही. डायलिसिस पुरेसे झाले का, हे ठरवताना हा आकडा वापरतात.

सूत्रांना मर्यादा आहेत. गरोदरपणात रक्त बरेच वाढते, ते नॅडलरच्या सूत्रात येत नाही. अंगावर सूज असेल तर वजनात साचलेले पाणीही मोजले जाते. म्हणून ऑपरेशन चालू असताना सक्शनच्या बाटलीतले आणि मॉपमध्ये भिजलेले रक्त मोजतात, नाडी आणि रक्तदाबावर लक्ष ठेवतात. नुकत्याच झालेल्या रक्तस्रावात हिमोग्लोबिन लगेच उतरत नाही, त्यामुळे त्या एकाच तपासणीवर भिस्त ठेवून चालत नाही.

दवाखान्यात वजनकाट्यावर उभे राहाल तेव्हा उंचीही मोजून घ्या आणि ती केसपेपरवर लिहायला सांगा. अंदाजाने सांगितलेली उंची या सूत्रात तीनदा गुणली जाते.