हळद उंदराला लागू पडली, माणसाला का नाही?

हिंगोलीच्या बाजारात आणि कनेरगाव नाक्यावरही हळदीचे गुण सगळ्यांना पाठ असतात. पण ‘हळदीने स्मृतिभ्रंश बरा होतो’ असा संदेश मोबाईलवर आला, तर पुरावा कुणावरचा आहे, हे आधी पाहावे.

2001 साली अमेरिकेत अल्झायमरच्या उंदरांना हळदीतले कर्क्युमिन खाद्यातून दिले. मेंदूतले प्रथिनांचे थर जवळपास निम्मे झाले. उंदराचा डोस किलोमागे साधारण 25 मिलिग्रॅम होता. उंदराची चयापचयाची गती जास्त, म्हणून माणसासाठी किलोमागचा डोस 12 ने भागतात. साठ किलोच्या माणसाला तो सव्वाशे मिलिग्रॅम येतो.

2012 च्या चाचणीत रुग्णांना रोज 2 ते 4 ग्रॅम दिले, म्हणजे कितीतरी जास्त. 24 आठवड्यांनंतरही फायदा दिसला नाही. रक्तात कर्क्युमिन जेमतेमच पोहोचले होते. शिवाय त्या उंदरांना आजार माणसाचे जनुक घालून आणलेला होता. त्यांच्यात थर साचतात, पण रुग्णासारख्या मेंदूतल्या पेशी मोठ्या प्रमाणात मरत नाहीत.

म्हणून तीन प्रश्न विचारा: उंदराचा आजार आपल्यासारखाच आहे का? औषध माणसाच्या रक्तात पोहोचते का? मोजले काय, थर की स्मरणशक्ती?